परिग्रह-परिमाण: आकडा पाळला, तरी कुरियरवाला येतोच आहे

उंबरठा

आमच्या खालच्या मजल्यावर एक जैन काकू राहतात. गेल्या पर्युषणात त्यांनी परिग्रह-परिमाणाचं, म्हणजे वस्तू किती बाळगायच्या याचं व्रत घेतलं आणि एका दोनशेपानी वहीत वर्षभराची मर्यादा लिहिली: साड्या इतक्या, चपला इतक्या, भांडी इतकी, सोनं इतकं. वही मला दाखवली आणि म्हणाल्या, "कमी करायचंच असं नाही हो. आकडा टाकायचा आणि तो ओलांडायचा नाही." मी जैन नाही, पण कल्पना आवडली. अपरिग्रह म्हटलं की मला लंगोटी आणि कमंडलूच आठवायचे. इथे संसारी माणसाला झेपेल असं काहीतरी होतं.

म्हणून मीही चार गोष्टींवर आकडा टाकला. शर्ट १२, बूट-चपलांचे जोड ३, हेडफोनसारखं कानात घालायचं यंत्र १, शाईची पेनं ५. मुदत एक वर्ष. आज आठ महिने झाले आणि एकही आकडा ओलांडलेला नाही. छाती फुगवून हे बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग तो कुरियरवाला आपल्याकडे काय गप्पा मारायला येतो?"

ऑर्डर हिस्टरी उघडून बसलो. आठ महिन्यांत शर्ट आले ११. दर वेळी एक जुना शर्ट कुणाला तरी देऊन टाकला, त्यामुळे कपाटात आजही १२ च आहेत. बुटांचे जोड तीनच, पण तीनातले दोन बदलून आधीपेक्षा महागाचे घेतलेले. आणि कार्टमध्ये 'नंतरसाठी ठेवा' करून २३ वस्तू पडल्यात, त्या मी धरल्याच नव्हत्या.

प्रश्न असा: व्रत पाळलं म्हणायचं की मोडलं? जुन्या लोकांनी या भानगडीचा विचार केला होता का?

हिशेबनीस

सोपं आहे. पगाराचे तीन भाग करा. निम्मा गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. हौसेचं खातं वेगळं काढा, त्यातले पैसे संपले की खरेदी बंद. मी पाच वर्षं एक्सेलमध्ये लिहितोय. शीट हवी असेल तर व्यनि करा.

उंबरठा

धन्यवाद, पण पैसे कमी पडतायत असं नाही हो. पडले असते तर धागाच काढला नसता.

पानगळ

मला वाटतं मूळ शब्दाचाच घोळ झालाय. योगसूत्रांतला अपरिग्रह म्हणजे दुसऱ्याकडून काही न स्वीकारणं, भेटवस्तू न घेणं. विवेकानंदांनीही राजयोगात असाच अर्थ दिलाय. स्वतःच्या पैशाने घेतलेला शर्ट त्यात येतच नाही. तुम्ही ज्याबद्दल बोलताय तो संतोष, आणि त्यावर तुकोबांनी एका ओळीत निकाल दिलाय: ठेविले अनंते तैसेचि राहावे. जास्तीचं कमवूच नये, मग खर्चाचा प्रश्नच येत नाही.

जुनी वही

पानगळ, पहिलं अर्धं बरोबर आहे. तसा अर्थ लावणारे आहेत. पण योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात अपरिग्रहाची व्याख्या त्याहून रुंद आहे. विषय मिळवण्यात, राखण्यात, ते नासण्यात, त्यांत गुंतण्यात आणि त्यांपायी होणाऱ्या हिंसेत दोष दिसला की ते न घेणं, असा तिचा आशय. तिथे देणारा कोण, हा मुद्दाच नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेला शर्टही राखावा लागतोच की.

संतोषाबद्दल तेच भाष्य म्हणतं, "संनिहितसाधनादधिकस्यानुपादित्सा". जी साधनं हाताशी आहेत त्यांहून अधिक घेण्याची इच्छाच न होणं. 'उपादित्सा' हा शब्द नीट बघा. वस्तू घेतली की नाही हे त्यात विचारलेलं नाही, घ्यावीशी वाटली का एवढंच विचारलंय. धागाकर्त्याच्या कार्टमधल्या २३ वस्तू तिथेच अडकतात.

आणि तुकोबांना कमाईविरुद्ध उभं करू नका. "जोडोनिया धन उत्तम व्यवहारें, उदास विचारें वेच करीं" हेही त्यांचंच आहे. घरी दुकान असलेला माणूस होता तो.

आता मूळ प्रश्न. उंबरठा, जुन्यांनी विचार केला होता का म्हणून विचारताय, तर तुमच्या आठ महिन्यांचं वर्णन बाराव्या शतकात लिहून ठेवलेलं आहे. हेमचंद्र या जैन आचार्याने कुमारपाळ राजासाठी योगशास्त्र लिहिलं, त्यात गृहस्थाच्या पाचव्या व्रताला, म्हणजे याच परिग्रह-परिमाणाला, लोक कुठकुठून पळवाटा काढतात ते सांगितलंय. जेवण झाल्यावर सविस्तर लिहितो.

तिरकस

जेवण होईपर्यंत माझी पिंक. उपासकदशा नावाच्या जैन आगमात आनंद नावाचा गृहस्थ आहे. महावीरांसमोर त्याने हेच व्रत घेतलं. त्याची मर्यादा ऐका: चार कोटी सुवर्णमुद्रा तिजोरीत, चार कोटी व्याजी लावलेल्या, चार कोटी घरसंसारात. दहा-दहा हजार गाईंचे चार कळप. पाचशे नांगर. याच्यापलीकडे मला काही नको, असं तो म्हणाला आणि व्रती झाला! असा अपरिग्रह मलाही द्या. सही कुठे करू?

सोनसळी

😀 तिरकस, पण मला यात तथ्य वाटतं. माझ्याकडे ६४ साड्या आहेत. मागच्या दिवाळीत मोजल्या आणि ठरवलं, बास, आता ६४ च. त्याआधी मला आकडाच माहीत नव्हता. मोजायला बसले तर अकरा साड्यांना फॉल-पिकोसुद्धा केलेलं नव्हतं. तशाच, दुकानाच्या पिशवीत. एकीची तर आठवणच नव्हती, पिशवीतली पावती बघून कळलं की बहिणीच्या साखरपुड्यासाठी घेतली होती. बहिणीचा मुलगा आता दुसरीत आहे.

तेव्हा आकडा मोठा असला तरी मोजणी होते, ही काही कमी गोष्ट नाही.

जुनी वही

सोनसळीताईंनी माझं अर्धं काम केलं. तिरकस, आनंदाची यादी तुम्ही अर्धीच वाचलीत. पुढे तो अंग पुसायच्या पंचावर येतो: एकाच प्रकारचा, सुगंधी भगव्या रंगाचा, बाकी सगळे वर्ज्य. दात घासायला ओल्या जेष्ठमधाची काडी, दुसरी नाही. आंघोळीला आठ घडे पाणी. नेसायला सुती वस्त्रांची जोडी. बारा कोटींचा धनी पंचाच्या प्रकारावर बोट ठेवतो, हे मला त्याच्या कोटींपेक्षा जास्त चमत्कारिक वाटतं. कोटींवरची मर्यादा त्याला उद्या सकाळी जाणवणार नाही. पंचावरची जाणवेल, अंग ओलं असताना.

त्या आगमात या व्रताचं नाव इच्छापरिमाण असं आहे. माप इच्छेचं आहे. असलेलं कमी करा असं ते सुरुवातीला म्हणत नाही, पुढचं दार बंद करतं. त्यावर तुमचा आक्षेप शिल्लक राहतो, तो मी खोडत नाही.

आता पळवाटा. हेमचंद्र पाच शब्द देतो: बंधन, भाव, गर्भ, योजन, दान. प्रत्येक शब्द एकेका मालमत्तेला लावलाय.

धनधान्याची मर्यादा भरलेली आहे आणि कुणी आणखी माल देऊ करतो. व्रती म्हणतो, आत्ता नको, चार महिन्यांनी मुदत संपली की नेतो, तोवर तुझ्याकडेच बांधून ठेव. वाटलं तर इसार देतो. माल घरात आला नाही, पण आता तो दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. हे बंधन. उंबरठा, 'नंतरसाठी ठेवा' म्हणजे हेच. तुम्हाला तर इसारही द्यावा लागत नाही.

भांड्यांची मर्यादा दहा असेल, तर ती मोडून मोठी, जाडजूड दहा करून घ्यायची. संख्या तीच. हा भाव. तुमचे बूट इथे आले.

गाईगुरांची संख्या भरली असेल, तर गाय अशा बेताने फळवायची की वासरू मुदत संपल्यावर जन्मेल. तो गर्भ. दोन शेतं किंवा दोन घरं झाली, तर मधला बांध नाहीतर भिंत काढून टाकायची, म्हणजे मोजताना एकच. ते योजन. आणि राजाने खूश होऊन सोनं दिलं तर ते मुदतीपुरतं नातेवाइकाकडे द्यायचं. ते दान, म्हणजे नावापुरतं.

उंबरठा

वाचून घाम फुटला. योजन माझ्याकडेही आहे, वर लिहिलं नव्हतं. कानाचं यंत्र एक म्हणालो होतो ना? ऑफिसच्या कॉलसाठी मोठा हेडसेट आहे आणि चालायला जाताना घालायचे छोटे इअरबड. "दोन्ही मिळून कानाचं एक" असं मी स्वतःला समजावलं होतं. बांध कधी काढला ते कळलंही नाही.

दानही आहे. स्मार्टवॉच बायकोच्या वाढदिवसाला घेतलं. ती ते घालत नाही, मी घालतो.

सोनसळी

बायकोने धागा वाचू नये एवढीच प्रार्थना.

वारणाकाठ

आमचं घर दिगंबर. आमच्याकडे रत्नकरंड श्रावकाचार जास्त वाचतात. तिथे समंतभद्रांनी या व्रताचे पाच दोष वेगळेच दिलेत: अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ, अतिभारवहन. बैलांना झेपेल त्यापलीकडे हाकणं, त्यांच्यावर जादा लादणं, भाव चढेल म्हणून माल कोंडून ठेवणं. शेतकरी-व्यापाऱ्यांची यादी आहे ही.

यातला विस्मय मला आजच्या काळाला सगळ्यात लागू वाटतो. दुसऱ्याचं वैभव बघून तोंडात बोट घालणं. रील बघताना आपण दुसरं काय करतो? कुणाचं तरी किचन, कुणाचं कपाट. विकत काही घेतलेलं नसतं, पण दोष तिथेच लागलेला असतो.

जुनी वही

वारणाकाठ, शब्दाचा सरळ अर्थ तुम्ही म्हणता तसा होतो. पण त्याच ग्रंथावर प्रभाचंद्रांनी लिहिलेलं विवरण काढून बघा, ते जास्त मजेदार आहे. आपण ठरलेल्या नफ्यात माल विकून मोकळे झालो, किंवा घेतलाच नव्हता, आणि मग कळलं की त्याच मालावर जास्त फायदा मिळाला असता. त्यानंतर जी हळहळ लागते, ती त्यांच्या लेखी विस्मय. आपलं काहीही गेलेलं नाही, ठरवलेलं मिळालेलं आहे, तरी जेवण गोड लागत नाही.

सेल संपल्यावर दुसऱ्या दिवशी वाटतं ना, तेच हे. घेतलेल्या वस्तूची किंमत आठवड्याने परत बघण्याची सवय कुणाला आहे का?

हिशेबनीस

मला आहे. शीटमध्ये त्याचा कॉलमच आहे. 'किती वाचले / किती गेले'.

(आता तो कॉलम काढावा की काय, असं वाटायला लागलंय.)

तिरकस

जुनी वही, माहिती झकास, मान्य. पण तुम्ही सगळे वस्तू मोजत बसलात. जैनांच्याच तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या दोन शब्दांची आहे: मूर्च्छा परिग्रहः. म्हणजे आसक्ती. वस्तू नव्हेच. आणि महाभारतातला जनक म्हणतो, मिथिला जळाली तरी माझं काहीच जळत नाही. मन सुटं असेल तर १२ शर्ट काय आणि १२०० काय!

वारणाकाठ

मूर्च्छा म्हणजे आसक्ती, हे बरोबर. पण हा वाद जुना आहे आणि आमच्याकडच्या अमृतचंद्र आचार्यांनी तो पुरुषार्थसिद्ध्युपाय या ग्रंथात घेतलाय. मूर्च्छा हाच परिग्रह असेल तर बाहेरची कुठलीच वस्तू परिग्रह ठरणार नाही, असं कुणी म्हणेल. त्यावर त्यांचं उत्तर असं की बाहेरची वस्तू मूर्च्छेला निमित्त होते, म्हणून तीही परिग्रहच. दिगंबर मुनी उगाच वस्त्र सोडत नाहीत.

जनकाची परीक्षा घ्यायला मिथिला जाळावी लागते. आपली घ्यायला फोन सिंकमध्ये पडला तरी पुरे.

तिरकस

शेवटच्या वाक्याला दाद. तरी बारा कोटींचं उत्तर मिळालेलं नाही. ज्याच्याकडे आधीच भरपूर आहे त्याला हे व्रत स्वस्तात पडतं. ज्याच्याकडे दोनच शर्ट आहेत त्याने दोनाचा आकडा टाकायचा का?

जुनी वही

नाही. आकडा आजच्या मालमत्तेइतकाच हवा असा नियम नाही, गरजू माणूस वर जागा ठेवून आकडा टाकू शकतो. पण श्रीमंताला स्वस्तात पडतं हे खरं आहे. मर्यादेवर जे येईल ते धर्मकार्यात द्यायचं, अशी रीत सांगितली जाते. ती कोण किती पाळतं यावर मी बोलणार नाही.

मला अडचण दिसते ती वेगळी, आणि उंबरठा यांच्या ११ शर्टांत ती आहे. तिला हेमचंद्राच्या पाचांत जागा सापडत नाही. त्याच्या काळी भांडं, शेत, सोनं, गाय या टिकणाऱ्या गोष्टी होत्या. घरात साठा किती, हे मोजलं की लोभ मोजला जायचा. आज साठा १२ वर स्थिर ठेवून त्यातून वर्षाला शंभर शर्ट वाहून नेता येतात. 'एक आणलं की एक द्या' हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण त्याने कपाट आटोपशीर राहतं, एवढंच. देऊन टाकायची सोय असली की आणायला उलट हुरूप येतो.

उंबरठा, ते ११ जुने शर्ट गेले कुठे?

उंबरठा

बहुतेक आमच्या वॉचमनना. आणि आता खरं ते सांगतो. मागच्या महिन्यात अकरावा घेऊन खाली गेलो. त्यांनी हातात घेतला, कॉलर बघितली, घडी परत नीट केली आणि माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "साहेब, मागचे तीन अजून पिशवीतच आहेत. खोलीत खुंट्या दोन आहेत." मी तो शर्ट घेऊन लिफ्टमध्ये चढलो तेव्हा चोरी पकडल्यासारखं झालं होतं. तो एका नातेवाइकाला खपवला.

पानगळ

अपरिग्रहाचा माझा अर्थ तुम्ही खोडलात, पण वॉचमननी तो पाळून दाखवला बघा. दिलेलं न घेणं!

जुनी वही

पानगळ, हा मुद्दा तुमचा. बिनशर्त.

वाहत्या खरेदीला जैन आचारात एक जागा आहे, ती म्हणजे भोगोपभोगाची, म्हणजे वापरायच्या गोष्टींची मर्यादा. आनंदाचा पंचा आणि काडी त्या सदरात आहेत. पुढे श्वेतांबरांत त्यावरून रोजचे चौदा नियम आले: आज किती पदार्थ खाईन, किती वस्त्रं वापरीन, कोणत्या वाहनात बसेन, असं सकाळी ठरवायचं. ते मोजतात वापर, आणि तोही त्या एका दिवसाचा. तुमच्या प्रश्नाला हे माप जास्त जवळचं आहे, तरी तंतोतंत नाही. नवीन विकत घेण्याची क्रिया मोजणारा नियम मला त्यात दिसत नाही, बहुधा तेव्हा ती रोजची नव्हती म्हणून.

आणखी एक, म्हणजे व्रत मोडलं की पाळलं, या तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल. या पळवाटांना शास्त्रकार भंग म्हणत नाहीत, अतिचार म्हणतात. ज्याला व्रताची पर्वाच नाही तो सरळ मोडतो, बांध काढायची त्याला गरज पडत नाही. पळवाट काढणाऱ्याला व्रत हवंच असतं, म्हणून तर तो मोजणीची भाषा बदलतो. ओळखायची खूण म्हणजे स्वतःशी झालेला युक्तिवाद. "दोन्ही मिळून कानाचं एक" हे वाक्य मनात जुळवावं लागलं, तिथे अतिचार झाला. बाराव्या शर्टाला असलं वाक्य लागलं नव्हतं.

सोनसळी

मग माझं वाक्यही सांगून टाकते. ६४ ठरवल्यावर तीन ड्रेस मटेरियल घेतली. "ती साडी नाहीच." 🙈

हिशेबनीस

उंबरठा, नवीन कॉलमची सूचना: 'किती आहेत' याच्या शेजारी 'किती आत आले'. दुसरा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे दान करून तो झाकता येणार नाही. माझ्या शीटमध्ये आजच घातला. या वर्षीचा आकडा इथे लिहिणार नाही.

उंबरठा

आज संध्याकाळी काकूंकडे गेलो होतो. हा सगळा धागा त्यांना वाचून दाखवला. हेमचंद्रांचं नाव ऐकून त्यांनी हात जोडले, पळवाटा ऐकून खूप हसल्या. मग वही काढून मागचं पान दाखवलं, जे मी तेव्हा बघितलंच नव्हतं. "नवीन वस्त्र, वर्षात ४." खाली तीन काट्या मारलेल्या. भेट म्हणून आलेली साडीही त्यांनी यात धरली होती.

म्हटलं, काकू, हे मला तेव्हा का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "तुम्ही पुढचंच पान बघून उठलात."

निघताना मी सहज विचारलं, सोन्याचा आकडा बरोबर आहे ना? त्या एकदम गप्प झाल्या. आतल्या खोलीकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "दोन बांगड्या सुनेच्या लॉकरमध्ये आहेत. पण त्या तिलाच द्यायच्यात."

कधी द्यायच्यात, ते मी विचारलं नाही. घरी येऊन कार्ट उघडलं. २३ पैकी १९ काढल्या. चार अजून आहेत.

तिरकस

कुठल्या चार?

उंबरठा

एक शाईचं पेन आहे. पाच झालीत, माहितीये. पण त्यातलं एक गळतं.

वारणाकाठ

वाक्य जुळवताय.